मधोमध ठेवलेली बरणी

रात्रीच्या जेवणाला बसलेले घर आणि प्रत्येकाच्या हातातला फोन, या विषयावर मराठीत सध्या खूप कविता लिहिल्या जातात. शाळांच्या वार्षिकांत, कॉलेजच्या भित्तिपत्रकांवर, स्थानिक दिवाळी अंकांत त्या सापडतात. त्यातल्या बहुतेक रागावतात. कोणी मुलांवर रागावते, कोणी यंत्रावर, कोणी काळावर. रागामागचे दुःख खरे असते, याबद्दल मला शंका नाही. पण रागावलेल्या कवितेत ते दुःख दिसत नाही, राग दिसतो. जेवणावरची जी शांतता दाखवायला कवी बसलेला असतो, ती त्याच्याच आवाजाने मोडते.

या विषयाला न्याय देणारी कविता कोणालाही न रागावता लिहिता येते, असे माझे ठाम मत आहे. ती कशी, हे नुसते सांगून पटणार नाही. म्हणून पुढे एक कविता मुद्दाम रचून दिली आहे. ती थोर आहे असा दावा नाही. कोणता शब्द का ठेवला आणि कोणता का काढला, हे तिच्यावर बोट ठेवून सांगता येईल, एवढ्यासाठीच ती आहे.

छंद ठरवण्यापासून सुरुवात करू. या विषयावर मुक्तछंदात लिहिण्याची आज रीत आहे. मी जुना थोरला अभंग निवडला. त्याचे माप मराठी कानाला पाठ आहे: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक. छंदशास्त्रात याला देवद्वार छंद म्हणतात. अभंगाला साडेतीन चरणांचा म्हणतात, ते या तोकड्या चौथ्या चरणामुळे. तीनदा सहा अक्षरे ऐकलेला कान चौथ्यांदाही सहाची वाट पाहतो, आणि चार अक्षरांवर ओळ थांबते. दोन अक्षरांची जागा रिकामी राहते. भजनात ती जागा टाळ आणि सूर भरून काढतात. नुसत्या वाचनात मात्र ती तशीच उघडी राहते. जेवणावरच्या शांततेबद्दल लिहायचे तर आपल्या भाषेत ही रिकामी जागा आधीपासून बांधून ठेवलेली आहे. ‘शांतता’ हा शब्द वापरण्याची गरजच उरत नाही.

पण छंद नीट पाळला म्हणजे काम झाले, असेही नाही. हेच पाहा:

हरवले घर
संपला संवाद
यंत्राचा हा नाद
सोडा आता

मापात कुठेही चूक नाही. सहा, सहा, सहा, चार. ‘संवाद’ आणि ‘नाद’ यांचे यमकही बरोबर. तरी या चार ओळींत एकही माणूस नाही, एकही ताट नाही. कोणते घर हरवले? कोणाचा कोणाशी संवाद संपला? ‘सोडा’ कोणाला म्हटले? वाचणारा प्रत्येक जण हे दुसऱ्या कोणाबद्दल आहे असे सहज धरून चालू शकतो. बाप म्हणेल मुलाबद्दल, मुलगा म्हणेल आईबद्दल, आणि दोघे मिळून म्हणतील शेजारच्यांबद्दल. रागावण्यातली मोठी उणीव ही की ते प्रत्येकाला सुटायला दार देते. जेवणावरची शांतता मात्र कोणा एकट्याची नसते. ती सगळ्यांनी मिळून केलेली असते आणि म्हणूनच तिच्यासाठी एकाला उभे करता येत नाही.

आता ती कविता.

वाढले पिठले
भाकरी तव्याची
फोडही कांद्याची
ठेवलेली

बाबांच्या समोर
उद्याची हजेरी
ड्युटी ती दुपारी
की सकाळी

भाचीच्या बाळाचे
हसू ते पहिले
आईने पाहिले
एकटीने

ताईच्या मांडीत
निकालाची यादी
शेवटून आधी
वाचलेली

आजी म्हणे मीठ
कमी का वाटते
‘हं हं’ उमटते
चौघांतून

माझाही अंगठा
वर सरकला
घास थंड झाला
हातातला

आजी उठताना
खुर्ची ती वाजली
बरणी ठेवली
मधोमध

सात कडवी, १५४ अक्षरे. यात ‘फोन’ हा शब्द नाही, ‘मोबाईल’ नाही, ‘स्क्रीन’ नाही. ‘शांतता’, ‘अबोला’, ‘एकाकीपणा’, ‘संवाद’ यांपैकी काहीच नाही. हे ठरवून केले आहे आणि त्याला आपल्याकडे जुना आधार आहे. अकराव्या शतकात काश्मीरात होऊन गेलेल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात रसाचे दोष सांगितले. त्यात अगदी पहिल्यांदा येणारा दोष म्हणजे रस किंवा भाव त्याच्याच नावाने सांगून टाकणे. करुण दाखवायचा आणि ‘करुण’ असा शब्द लिहायचा, हा दोष. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त उत्तम काव्याचे मर्म न सांगितलेल्या पण सुचणाऱ्या अर्थात असल्याचे मांडले होते. या दोघांना भाकरीच्या ताटाशेजारचा फोन ठाऊक नव्हता. पण त्यांचा नियम या विषयाला नेमका बसतो, कारण शांतता ही शब्दाने सांगता येणारी गोष्टच नाही. ‘घरात शांतता होती’ असे लिहिले की वाचकाला बातमी कळते. मीठ कमी आहे का, या प्रश्नाला चार माणसांकडून ‘हं हं’ एवढेच येते, हे लिहिले की वाचक त्या टेबलाशी येऊन बसतो.

फोनचे नाव नसताना फोन कळतो का, असे कोणी विचारील. दुसऱ्या कडव्यातली हजेरी कागदावरही असू शकते. तिसऱ्यातले बाळाचे हसू छापील फोटोतले असू शकते. चौथ्यात शंका यायला लागते, कारण निकालाची यादी कोणी मांडीत धरून वाचत नाही. सहाव्या कडव्यातला अंगठा वर सरकला की सगळे मागचेही उलगडते. असे उशिरा उलगडणे मला हवे होते. फोन पहिल्याच ओळीत आला असता तर वाचक त्याबद्दलची आपली मते घेऊन तयार बसला असता आणि पुढची माणसे त्याने पाहिलीच नसती. आधी बाबांची ड्युटी, आईची भाची, ताईचा निकाल, मग अंगठा, हा क्रम त्यासाठीच आहे.

आता पिठल्याकडे येतो, कारण या कवितेत सगळ्यात जास्त काम ते करते. जेवणात काय वाढायचे, हे अशा कवितेत सहजी ठरवू नये. पुरणपोळी घातली असती तर तो सणाचा दिवस झाला असता, आणि सणाच्या दिवशीही फोन, असा टोमणा आपोआप आला असता. वरण-भात चालला असता, पण त्यात मिठाची बाब तितकी उघड होत नाही. लोणचे, पापड, चटणी अळणीपणा झाकतात. पिठल्याचे तसे नाही. बेसनाला स्वतःची चव बेताची. त्यात मीठ कमी पडले तर पहिल्या घासालाच कळते. शिवाय पिठले गरम खायचे असते. दहा मिनिटे ताटात राहिले की ते घट्ट होते, वर पातळ साय धरते आणि भाकरीचा तुकडा त्यात नीट बुडत नाही. म्हणजे या एका पदार्थात दोन मोजमापे आहेत. मीठ कमी असून चौघांना कळले नाही, यावरून लक्ष कुठे होते ते कळते. घास थंड झाला, यावरून किती वेळ गेला ते कळते. कवीने ‘कोणाचेच जेवणात लक्ष नव्हते’ असे लिहिले असते तर तो आरोप झाला असता. पिठले अळणी आहे आणि प्रश्न फक्त आजीला पडला, ही नुसती घटना आहे.

आजी ‘कमी का वाटते’ असे विचारते, ‘मीठ कमी आहे’ असे सांगत नाही. म्हातारपणी जिभेची चव कमी होते, तेव्हा आपलीच जीभ चुकते आहे का, अशी शंका तिला आहे. तिला उत्तर हवे आहे. ‘नाही हो आजी, खरंच कमी आहे’ एवढे कोणी म्हटले असते तरी पुरले असते. त्या ऐवजी आलेला ‘हं हं’ हा होकारही नाही आणि नकारही नाही. ‘उमटते’ हे क्रियापद इथे विचार करून घातले आहे. ‘म्हणती’ किंवा ‘बोलले’ घातले असते तर बोलणारा कर्ता आला असता, आणि कर्ता आला की दोष त्याच्याकडे गेला असता. उमटणे कोणी करत नाही, ते होते. मग तो उद्गार येतो कोठून? चौघांतून. बाबा, आई आणि ताई मिळून तिघे होतात. चौथा कविता सांगणारा. तो वेगळा उभा राहून इतरांना पाहत नाही, हे वाचकाला या आकड्यातून कळावे. पुढच्याच कडव्यात ‘माझाही’ येतो, तोवर ते कळलेले असते.

रागावणाऱ्या कवितांत फोन हातात असलेल्या माणसाला कारण नसते. तो नुसता ‘बोटे फिरवत’ असतो, ‘जगात हरवलेला’ असतो. प्रत्यक्षात रात्री पावणेनऊला फोन हातात घेणाऱ्या माणसाला बहुधा काहीतरी कारण असते आणि ते कारण साधे, मान्य करण्याजोगे असते. बाबांची उद्याची ड्युटी आज रात्री ग्रुपवर येते. पाळीने काम करणाऱ्या असंख्य घरांत हे रोजचे आहे. सुरक्षारक्षक, वॉर्डबॉय, कारखान्यातला ऑपरेटर, कोणीही असू शकतो. ती आता पाहिली नाही तर उद्या पहाटे उठायचे की नाही हेच कळणार नाही. भाचीला मूल झाले आणि ते पहिल्यांदा हसले, तर त्याचा फोटो आईने जेवण संपेपर्यंत न उघडता ठेवावा, असे कोण म्हणेल? ताईच्या परीक्षेचा निकाल लागला आहे. तो ती टेबलाखाली, मांडीत धरून, यादीच्या शेवटाकडून वाचते. शेवटून का वाचते, हे ज्याने कधी काठावर पास होण्याची वाट पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही. नाव सापडले की नाही, हेही कविता सांगत नाही. टेबलावर कोणालाच ते कळलेले नाही, मग वाचकाला कसे कळेल?

मात्र कारण देताना एक धोका आहे. कारण फार रंगवले की कविता त्या माणसाची वकिली करू लागते, आणि वकिली ही रागावण्याचीच दुसरी बाजू आहे. दोन्हींत न्यायनिवाडा चालू असतो. म्हणून बाबांच्या कडव्यात क्रियापद ठेवलेले नाही. ते काय करतात हे सांगितले नाही. त्यांच्या डोक्यातला प्रश्न तेवढा आहे: दुपारी की सकाळी. ‘बिचारे’, ‘थकलेले’, ‘राबणारे’ असे एकही विशेषण त्यांना लावलेले नाही. विशेषण लावणे म्हणजे त्या माणसाबद्दलचा निकाल देणे आणि तो देण्याचा अधिकार या टेबलावर कोणाकडेच नाही.

‘एकटीने’ या शब्दाबद्दल माझ्याही मनात बराच काळ शंका होती. यात आईची कीव येते का? पर्याय बरेच होते. ‘कौतुकाने’ बसते, ‘हसूनिया’ बसते. दोन्हींत आई दिसते, पण टेबल दिसत नाही. ‘एकटीने’ मध्ये टेबल दिसते, कारण तिच्याभोवती चार माणसे बसलेली आहेत आणि बाळाचे हसू तिने एकटीने पाहिले, ही वस्तुस्थिती आहे. तिने फोटो कोणाला दाखवला नाही. कोणी विचारलाही नाही. कोणाची चूक अधिक, याचा हिशेब ओळीत नाही. त्यानंतर दोन अक्षरांची रिकामी जागा येते. वाचताना तिथे क्षणभर थांबले तर ‘एकटीने’चा अर्थ आपोआप मोकळा होतो, आणि घाईने पुढच्या कडव्यावर उडी मारली तर तो कीव करणारा वाटतो. ही कविता चालीवर म्हणू नये, असे मला वाटते ते याच कारणाने. चाल ती जागा भरून टाकते.

या कवितेत ‘पूर्वी’ नाही. या विषयावर लिहिताना ‘पूर्वी’ हा शब्द फार लवकर हाताशी येतो: पूर्वी घरे बोलकी होती, पंगती रंगायच्या, एकमेकांना आग्रह व्हायचा. हे काही घरांत, काही दिवशी खरे होते. पण आपल्याकडे जेवताना बोलू नये, अशीही शिस्त होती. आपोष्णी घेऊन जेवण संपेपर्यंत मौन पाळणारे पुरुष अनेक घरांत होते. कित्येक घरांत आधी पुरुषांची आणि मुलांची पाने व्हायची आणि मागाहून बायका, उरलेल्या आमटीवर, स्वयंपाकघरात बसायच्या. त्यांच्या बोलण्याची कोणी नोंद ठेवली नाही. सासऱ्यासमोर सुनेने बोलायचे नाही, वडिलांसमोर मुलाने तोंड उघडायचे नाही, ही शांतता आजच्या शांततेपेक्षा जास्त कडक होती आणि तिच्यात भीती होती. मग २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे घरोघरी टीव्ही आला, तेव्हा माणसे जेवताना एका दिशेला पाहू लागली. तेव्हाही अशाच तक्रारी झाल्या. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला. आता पाच माणसे पाच दिशांना पाहतात, हा बदल खरा आहे आणि कवितेने तो नेमका पकडायला हवा. पण ‘पूर्वी’ म्हणून त्याच्या शेजारी एक खोटे सोनेरी घर उभे करायला नको. ज्या आजीसाठी आपण रडतो, तिच्याच तरुणपणी तिला टेबलाशी, म्हणजे तेव्हाच्या पाटाशी, बोलायला जागा नव्हती, हे विसरून तिला आजच्या शांततेची बळी करणे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

आजीचे स्थान ही या विषयावरच्या कवितेतली सगळ्यात निसरडी जागा आहे. टेबलावर फोन नसलेले एकच माणूस दाखवले की वाचकाची सगळी सहानुभूती तिकडे धावते आणि बाकीचे चौघे आरोपीच्या पिंजऱ्यात जातात. मग कवी तिला वाट पाहायला लावतो, तिच्या डोळ्यांत पाणी आणतो, तिचे ताट तसेच राहते. हे सगळे टाळायचे तर आजीला करायला काम हवे. या कवितेत ती प्रश्न विचारते, उत्तर नीट मिळत नाही, मग स्वतः उठते, मिठाची बरणी आणते आणि टेबलाच्या मधोमध ठेवते. ती दुखावली की नाही, हे कोणी सांगितलेले नाही. उठताना खुर्ची वाजली. ती रागाने वाजली की म्हातारपणी उठताना वाजते तशी वाजली, हे वाचकाने ठरवायचे. बरणी तिने स्वतःच्या ताटापाशी ठेवली असती तर तो तिचा एकटीचा निर्णय झाला असता. मधोमध ठेवली म्हणजे सगळ्यांसाठी ठेवली. पिठले सगळ्यांच्याच ताटात अळणी असणार, असे तिने धरले आहे.

शेवटच्या कडव्याची जागा अभंगात फार मोलाची असते. संतांच्या अभंगात तिथे नाममुद्रा येते: तुका म्हणे, नामा म्हणे. आधीच्या कडव्यांत जे पाहिले त्याचा निवाडा तिथे होतो. संतांना तो अधिकार होता, कारण ते ज्याला रागावत त्यात स्वतःला आधी धरत. आज त्या जागी बसून ‘आता तरी फोन ठेवा’ असे सांगणाऱ्याला तो अधिकार कोणी दिलेला नाही. म्हणून सातव्या कडव्यात मुद्रा नाही, निवाडा नाही. तिथे बरणी आहे.

शेवटासाठी जे पर्याय सहज सुचतात, त्यांतले दोन मला मुद्दाम सांगावेसे वाटतात, कारण ते वारंवार वापरले जातात. एकात वीज जाते, इंटरनेट बंद पडते, मेणबत्ती लागते आणि घर अचानक गप्पा मारू लागते. वाचायला हे गोड लागते. पण त्यातून निष्कर्ष असा निघतो की यंत्र काढून घेतले की माणसे आपोआप चांगली होतात. हा यंत्राला दिलेला दोष झाला, आणि माणसांना दिलेले फुकटचे प्रमाणपत्रही. प्रत्यक्षात वीज गेल्यावर आधी सगळे फोनचाच उजेड लावतात. दुसऱ्या पर्यायात कवी शेवटी स्वतःचा फोन बाजूला ठेवतो आणि आजीशी बोलू लागतो. हा अधिक प्रामाणिक वाटतो, पण यात सांगणारा इतर तिघांपेक्षा एक पायरी वर चढतो. जो आधी चौघांत होता तो आता एकटा शहाणा ठरतो. म्हणजे आई, बाबा आणि ताई यांना पुन्हा रागावणे आलेच, फक्त आवाज मऊ.

‘घास थंड झाला / हातातला’ या ओळींबद्दल एक आक्षेप येऊ शकतो. घास हातात धरून माणूस इतका वेळ बसतो का? बसतो. उजव्या हातात भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवलेला असतो, डाव्या हाताचा अंगठा वर सरकत असतो आणि तुकडा तोंडापर्यंत अर्ध्या वाटेवर थांबतो. आपल्याकडे हाताने जेवतात म्हणून हे चित्र आपले आहे. जेवणारा हात खरकटा असल्याने फोन डाव्या हाताने हाताळावा लागतो, अंगठा अवघडतो. या विषयावर लिहिणाऱ्याने टेबलाशी जाऊन हात पाहावेत. चेहरे पाहिले की विशेषणे सुचतात, हात पाहिले की क्रिया सुचतात.

कविता रागावते आहे की नाही, हे कसे ओळखायचे? ती घरात, जेवताना, एकदा मोठ्याने वाचावी. ऐकणाऱ्यांपैकी कोणी लगेच ‘मी तर कामाचं बघत होतो’ असे म्हणाले, तर ती रागावली. माणूस आरोप झाल्याशिवाय सफाई देत नाही. कोणी ‘पिठल्यात खरंच मीठ कमी होतं का?’ असे विचारले, ‘ताईचं नाव यादीत होतं का?’ असे विचारले, तर ती रागावली नाही. कारण ऐकणारा मग स्वतःचा बचाव सोडून त्या घरातल्या माणसांबद्दल विचार करू लागला.

या विषयावर कविता लिहून ठेवलेल्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. अंकाकडे पाठवण्याआधी तिच्यातले ‘पूर्वी’ काढा, ‘सोडा’, ‘ठेवा’, ‘जागे व्हा’ या आज्ञा काढा आणि शेवटच्या कडव्यात तुम्ही निवाडा दिला असेल तर ते कडवे सरळ खोडा. त्या रात्री टेबलावर काय वाढले होते, हे पहिल्या कडव्यात लिहा.